कुत्रा एका लेकरापाशी गेला, तेव्हा दुसऱ्यापाशी कोण होतं?

प्रस्तावना, इतिहास, वेदनेवरील परिणाम, चिंतेवरील परिणाम, एकटेपणावरील परिणाम, मर्यादा, निष्कर्ष. एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने ही सात शीर्षकं सुबक अक्षरात लिहून माझ्या टेबलावर ठेवली. विषय होता, दवाखान्यात भरती असलेल्या मुलांसाठी कुत्र्यांच्या साहाय्याने केले जाणारे उपचार. त्यावर आजवर झालेल्या संशोधनाचा आढावा तिला प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात घ्यायचा होता. मुलगी गंगाखेडकडची, हुशार, घरी दोन कुत्री पाळलेली. "मॅडम, तेवढी सही करा, मग मी लिहायलाच बसते," म्हणाली.

मी सही केली नाही. असा आराखडा आमच्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी आणतं. त्यात विषय तेवढा बदलतो, शीर्षकं तीच राहतात. शेवटी "परिणामकारक असल्याचे सिद्ध झाले आहे" असं एक वाक्य येतं आणि ते प्रबंधातून उठून एखाद्या प्रस्तावात, तिथून एखाद्या भाषणात जाऊन बसतं. मुंबई-पुण्याकडे अशा कुत्र्यांचे कार्यक्रम सुरू झालेलेच आहेत. उद्या आमच्या नांदेड-लातूरकडच्या एखाद्या दवाखान्यात कुणी हौसेने कुत्रा घेऊन आलं, तर फाइलमध्ये आधार म्हणून असाच एखादा आढावा जोडलेला असेल. म्हणून आढाव्याचा आराखडा ही मला विद्यार्थ्यांची किरकोळ बाब वाटत नाही. तो कसा आखला, त्यावर पुढे वॉर्डाच्या दारातून काय आत येणार ते ठरतं.

माझं म्हणणं असं आहे. हा आढावा फायद्यांच्या नावाने आखू नये, तुलनेच्या नावाने आखावा. कुत्रा एका मुलापाशी गेला तेव्हा दुसऱ्या मुलापाशी कोण होतं, हे प्रत्येक अभ्यासाला विचारावं आणि त्या उत्तरावरून प्रकरणं पाडावीत. "वेदनेवरील परिणाम" असं शीर्षक दिलं की परिणाम आहेच, हे आपण वाचायच्या आधी कबूल करून बसतो. मग त्या शीर्षकाखाली पाच-सहा अभ्यास ओळीने लावायचे, सगळ्यांत आकडा खाली आलेला दाखवायचा, की प्रकरण संपलं.

तिच्या आराखड्यात पहिला उतारा होता तो ब्राउन आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या अभ्यासाचा. या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण तो देतो, कारण त्यातलं वाक्य फार आकर्षक आहे. कुत्रा भेटलेल्या मुलांच्या वेदनेतली घट ही नुसतं शांत बसलेल्या मुलांपेक्षा चौपट निघाली. मी तिला म्हटलं, हाच घे आणि माझ्यासमोर वाच, सावकाश.

वाचायला लागली. वय ३ ते १७ वर्षं. कुत्र्याच्या गटात १८ मुलं, तुलनेच्या गटात ३९. इथेच मी तिला थांबवलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले असते तर १८ आणि ३९ असा मेळ बसला असता का? नसता. गट चिठ्ठीने पाडलेलेच नव्हते. लेखकांनी तसं लिहिलंही आहे, लपवलेलं नाही. पण आढाव्यात येईपर्यंत ते वाक्य गळतं आणि "चौपट" तेवढं उरतं. आता विचार करा, कुत्र्याच्या गटात कुठली मुलं जातात? ज्यांना कुत्रा आवडतो, ज्यांची आईही हो म्हणते, जी त्या दिवशी उठून बसण्याइतकी बरी आहेत. असं मूल कुत्रा न येताही दुपारपर्यंत जरा हसतंच.

मग मोजमाप. मुलांना चेहऱ्यांची पट्टी दाखवली जाते. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे असतात आणि आपल्याला किती दुखतंय तो चेहरा मुलाने बोटाने दाखवायचा. आमच्या वॉर्डातही ती पट्टी भिंतीला लावलेली आहे. आता कुत्र्याशी पंधरा मिनिटं खेळलेल्या पाच वर्षांच्या मुलाला, कुत्रा अजून दारातच उभा असताना, "आता कसं वाटतंय?" असं विचारलं, तर ते कुठला चेहरा दाखवेल? ते दुखणं दाखवतंय की आनंद, हे त्या पट्टीला कळत नाही. मूल खोटं बोलत नसतं. प्रश्न एक असतो, ते उत्तर दुसऱ्याचं देतं. औषधाच्या अभ्यासात गोळी खरी की साखरेची, हे मुलापासून लपवता येतं. लॅब्राडोर कुठे लपवणार?

आणि तुलनेची मुलं काय करत होती? पंधरा मिनिटं शांत पडून होती. म्हणजे या अभ्यासाने विचारलेला प्रश्न एवढाच, की कंटाळलेल्या, दुखत असलेल्या मुलाला काहीच नसण्यापेक्षा कुत्रा बरा का? बरा. याला संशोधन कशाला हवं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

याच खणात इटलीतल्या पाविया इथला २०१५ चा अभ्यास बसतो. तो जास्त नेटका आहे. शस्त्रक्रिया झालेली ४० मुलं, गट चिठ्ठीने पाडलेले, वीस आणि वीस. कुत्रा आलेल्या मुलांनी वेदना कमी सांगितली आणि मेंदूच्या आलेखातही कुत्रा खोलीत आल्यावर सावधपणाच्या लहरी दिसल्या. अभ्यास चांगला आहे, मी तो वगळायला सांगत नाही. पण तुलना पुन्हा रोजच्या नेहमीच्या शुश्रूषेशीच. पहिल्या प्रकरणाचं नाव मग आपोआप ठरलं, "काहीच नसण्यापेक्षा कुत्रा".

दुसऱ्या प्रकरणात मजा येते. तिथे तुलनेच्या मुलाच्या हातात काहीतरी दिलेलं असतं. कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ७० मुलांमध्ये कुत्र्याची भेट आणि दवाखान्यातल्या खेळघरातला वेळ यांची तुलना केली. मनःस्थिती दोन्हीकडे चांगली दिसली. बार्कर यांच्या गटाने २०१५ मध्ये ४० मुलं घेतली. एका गटाला कुत्रा दिला, दुसऱ्याला वयाप्रमाणे चित्रकोडं जुळवायला दिलं. वेदनेत दोन गटांमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. चिंतेचा शेवटचा आकडा मात्र कुत्र्याच्या गटात कमी भरला, तेव्हा विषय अगदीच निकालात निघत नाही. पण "चौपट" कुठल्या कुठे गेलं बघा! कुत्रा तोच, मुलं तशीच, फक्त समोरच्या मुलाच्या हातात पुठ्ठ्याचे तुकडे दिले. माझ्या विद्यार्थिनीने वेदनेच्या शीर्षकाखाली हे दोन्ही अभ्यास शेजारी-शेजारी ठेवून "निष्कर्षांत एकवाक्यता नाही" असं लिहिलं होतं. दोघांचे प्रश्नच वेगळे असल्यामुळे इथे एकवाक्यतेचा प्रश्न येतच नाही.

तिसरं प्रकरण एकाच मोठ्या अभ्यासाभोवती उभं राहतं. मॅककलो आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१८ मध्ये आला. अमेरिकेतली पाच रुग्णालयं, नुकताच कर्करोग निदान झालेली १०६ मुलं, चिठ्ठीने पाडलेले गट, आणि एका भेटीऐवजी काही महिने वारंवार भेटी. कुत्र्याच्या गटातल्या मुलांची चिंता अभ्यासाच्या शेवटी कमी झालेली होती. आणि कुत्रा न भेटलेल्या मुलांचीही तेवढीच कमी झालेली होती.

हे वाक्य मी तिला दोनदा वाचायला लावलं. दुसरा गट नसता तर काय छापलं गेलं असतं? "कुत्र्यांमुळे कर्करोगग्रस्त मुलांची चिंता घटली." प्रत्यक्षात दवाखाना अंगवळणी पडला, सिस्टर ओळखीच्या झाल्या, सुई कधी टोचणार आणि कधी नाही हे कळायला लागलं, म्हणून भीती उतरली असणार. आमच्या वॉर्डातही पहिल्या दिवशी पांढरा कोट दिसला की किंचाळणारं लेकरू आठव्या दिवशी माझ्या खिशातला पेन ओढतं. त्याला कुणी कुत्रा दाखवलेला नसतो. त्या अभ्यासात पालकांच्या ताणाच्या काही मोजमापांत मात्र कुत्र्याच्या गटात घट दिसली. ही बाजू आपल्याकडे कुणी पाहतच नाही. कॉटखाली चटई टाकून, डोक्याखाली पिशवी घेऊन पंधरा-पंधरा दिवस काढणारी आई आमच्या शीर्षकांत कुठेच नव्हती.

आता एक गोष्ट जवळपास सगळ्याच अभ्यासांत अर्धवट राहते. कुत्रा एकटा येत नाही. त्याची दोरी धरून एक माणूस येतो, बहुधा बाई, बहुधा प्रेमळ, वेळ काढून आलेली. ती मुलाचं नाव विचारते, तुझ्या घरी कोण कोण आहे विचारते, कुत्र्याचे किस्से सांगते, आणि पंधरा मिनिटं तिला दुसरं काही काम नसतं. या पंधरा मिनिटांत औषध कोणतं, चार पायांचं की दोन पायांचं? हे वेगळं करायचं तर एक गट असा लागतो जिथे तीच बाई कुत्र्याविना येते, तेवढाच वेळ बसते, तशाच गप्पा मारते. अशी तुलना ज्यात केलेली आहे तो अभ्यास आढाव्यात वरच्या रांगेत बसवा, आणि जिथे नाही तिथे स्पष्ट लिहा, एवढंच माझं सांगणं. आमच्या सरकारी वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात ते इथे मोजत बसत नाही, पण एका मुलापाशी सलग पंधरा मिनिटं कुणी बसलंय, हातात सिरिंज नाही, फॉर्म नाही, असं दृश्य मला आठवायला वेळ लागतो. तेव्हा परदेशातला कुत्रा आमच्याकडे यशस्वी होईलही. पण ते यश माणूस येऊन बसल्याचं असेल आणि नाव कुत्र्याचं होईल.

नावाचाही घोळ आहे, तो आराखड्याच्या सुरुवातीलाच सोडवावा लागतो. अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या खोलीत त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा असायचा. न बोलणारं एक मूल त्या कुत्र्याशी मोकळं झालेलं त्यांनी पाहिलं आणि १९६२ मध्ये त्यावर लेख लिहिला. तिथे एक तज्ज्ञ होता, एक ठरलेलं मूल होतं, त्या मुलासाठी हेतू होता, नोंदी होत्या. उपचार म्हणतात तो याला. मानव-प्राणी संबंधांवर काम करणाऱ्या संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१४ च्या व्याख्यांमध्ये हाच भेद केला आहे. ठरलेलं उद्दिष्ट, प्रशिक्षित व्यावसायिक आणि लेखी नोंद असेल तर उपचार, नाहीतर ती भेट. भरती मुलांवरचे बहुतेक अभ्यास खरं तर भेटींचे आहेत, शीर्षकात मात्र "थेरपी". आमच्या विद्यार्थिनीने सगळंच "श्वानोपचार" या एका शब्दात बांधलं होतं. शब्द गोड आहे, पण मी तो खोडला.

नावाच्या या घोळाचा फटका शोधतानाही बसतो. तिने पबमेडवर फक्त animal assisted therapy टाकलं होतं. जुन्या लेखांत त्यालाच पेट थेरपी म्हटलंय, परिचारिकांच्या नियतकालिकांत श्वानभेट म्हटलंय. सोबो यांचा २००६ चा, शस्त्रक्रियेनंतरच्या २५ मुलांचा लेख याच कारणाने तिच्या यादीत नव्हता. आम्ही मग शोध असा बांधला.

```
("Animal Assisted Therapy"[Mesh] OR "pet therapy"[tiab]
 OR "therapy dog*"[tiab] OR "canine visit*"[tiab])
AND (child*[tiab] OR pediatric*[tiab] OR paediatric*[tiab])
AND (hospital*[tiab] OR inpatient*[tiab])
```

यात दंतवैद्याच्या खुर्चीतली मुलं येतात, स्वमग्न मुलांची केंद्रं येतात, शाळाही येतात. ती हाताने काढावी लागतात, आणि किती काढली, का काढली, हे लिहून ठेवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. त्याला पर्याय मला माहीत नाही.

एवढं झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, पण हे तर सगळं तिकडचंच झालं. आपल्याकडचं काय?"

याचं उत्तर देण्यासाठी मला वॉर्डातली एक दुपार सांगावी लागते. लोहा तालुक्यातला नऊ वर्षांचा एक मुलगा मांडीचं हाड मोडून भरती होता. पायाला पट्ट्या गुंडाळून, दोरीने वजन लटकवलेलं. असं तीन आठवडे पडून राहायचं. जेवायचा नाही, ड्रेसिंगला हात लावू द्यायचा नाही, भिंतीकडे तोंड. एक दिवस त्याच्या चुलत्याने गावाकडून व्हिडिओ कॉल केला आणि मोबाइल कुत्र्यासमोर धरला. मोत्या. मुलाने शिट्टी मारली. पडद्यावर आधी एक ओलं काळं नाक आलं, मग सगळा पडदा जिभेने भरला, मग कुत्रं भुंकायला लागलं. पोरगं हसलं, मान उचलून हसलं. सिस्टरने तेवढ्यात पट्टी बदलून घेतली.

त्याच खोलीत, दोन कॉट सोडून सहा वर्षांची एक मुलगी होती. गल्लीतलं कुत्रं चावलेलं, गालावर आणि दंडावर. कुत्र्याच्या चाव्याचे टाके लगेच घालत नाहीत, म्हणून जखमेवर नुसती पट्टी. मोबाइलमधून भुंकण्याचा आवाज आला तशी ती कॉटवरून आईच्या अंगावर चढली. सलाईनची नळी ताणली गेली, हाताला पुठ्ठा बांधून बसवलेली सुई निघाली, चादरीवर रक्त. तिला पुन्हा व्हेन मिळायला अर्धा तास लागला. मुलाच्या चुलत्याला बिचाऱ्याला काही कळलंच नाही, तो तिकडून "घे घे, मोत्याला बघ" म्हणतच होता.

आवाज मोबाइलमधला होता. खराखुरा कुत्रा दारातून आला असता तर?

पाश्चात्त्य अभ्यासांत ही मुलगी नाही. ती तिथे असू शकतच नाही, कारण कुत्र्याला घाबरणारी, अ‍ॅलर्जी असणारी, नको म्हणणारी मुलं सुरुवातीलाच वगळली जातात. तसं करणं योग्यही आहे. पण मग निष्कर्ष उरतो तो "कुत्रा आवडणाऱ्या मुलांना कुत्रा आवडतो" एवढाच. स्वतंत्र खोल्यांच्या दवाखान्यात ते चालून जातं. आमच्याकडे एका हॉलमध्ये सगळ्या कॉट, आणि कुत्रा एकासाठी आला तरी तो सगळ्यांसाठी येतो. म्हणून मी विद्यार्थिनीच्या तक्त्यात अभ्यासाचं वर्ष आणि देश यांच्या लगेच पुढे एक रकाना घालायला लावला, किती मुलांना विचारलं आणि किती जण नाही म्हणाले. त्यानंतर आणखी एक, खोली स्वतंत्र होती की सामायिक.

आणि रेबीज. तिच्या सात शीर्षकांत हा शब्द नव्हता, कारण ती वाचत होती त्या लेखांतही तो जवळपास नव्हता. अमेरिकेने कुत्र्यांमधला रेबीज आपल्या देशातून गेल्याचं २००७ मध्येच जाहीर केलं. तिथल्या लेखकाला त्याचा विचार करायची गरज पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात, आणि कुत्र्याने चावलेल्यांत मुलं फार.

इथे चावण्यापेक्षा चाटण्याचा मुद्दा मोठा आहे, आणि तो आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. रेबीजचा धोका तीन वर्गांत मोजतात. धड कातडीवर कुत्र्याने चाटलं तर तो पहिला वर्ग, काही करावं लागत नाही. पण फाटलेल्या कातडीवर, जखमेवर, किंवा तोंड, डोळे यांच्या ओल्या त्वचेवर लाळ लागली की तो थेट तिसरा वर्ग. म्हणजे खोल चाव्याच्याच रांगेत. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, लस सुरू करायची आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन सोडायचं. आता भरती असलेलं मूल डोळ्यासमोर आणा. हाताला सुईची जखम, पोटाला टाके, तापाने फुटलेले ओठ, कुठे खरचटलेलं. घरी धडधाकट मुलाला कुत्र्याने तोंडावर चाटलं तर आपण हसतो. तेच इथे झालं तर ड्यूटीवरचा डॉक्टर काय करेल? कुत्रा लस टोचलेला, निरोगी, दहा दिवस नजरेखाली ठेवता येईल असा असला तर धोका जवळजवळ नाहीच, आणि दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवताही येतात. पण मधल्या दहा दिवसांत लस सुरू करायचीच असते. रात्री दोन वाजता एकट्या निवासी डॉक्टरने "कुत्रा सर्टिफिकेटवाला आहे" म्हणून ती टाळावी, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. म्हणजे वेदना कमी करायला आणलेल्या कुत्र्यापायी मुलाला सुया वाढल्या. हे गणित मला कुठल्याच परदेशी आढाव्यात दिसलं नाही, ते इथेच मांडावं लागेल.

जंतुसंसर्गावर मात्र तिकडे चांगलं काम झालं आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत दवाखान्यांना भेट देणारे १०२ कुत्रे तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या विष्ठेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जुलाबाचा जंतू सापडला. बाहेरून सगळे निरोगी होते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुत्राभेटी तपासल्या. कुत्रा एका मुलाकडून दुसऱ्याकडे हट्टी स्टॅफिलोकॉकस नेत होता, जसा न धुतलेला स्टेथोस्कोप नेतो तसा. भेटीआधी क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने आंघोळ आणि भेटीत दर पाच-दहा मिनिटांनी त्याच औषधाच्या कपड्याने अंग पुसणं, एवढ्याने बराच फरक पडला. अमेरिकेतल्या रुग्णालय-साथरोग तज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ मध्ये नियमच दिले आहेत. भेट जास्तीत जास्त एक तास, आदल्या चोवीस तासांत आंघोळ, कच्चं मांस खाणारा कुत्रा नको, विलगीकरणातल्या मुलाकडे जायचं नाही, प्रत्येकाने आधी आणि नंतर हात धुवायचे. शेवटचा नियम वाचून आमची विद्यार्थिनी हसली. आमच्याकडे नातेवाइकांनी हात धुवावेत म्हणून लावलेल्या बेसिनपाशी डबे धुतले जातात.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की बाईंना कुत्र्यांचं वावडं आहे. तसं नाही. ज्या भागात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्या-गाढवांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं, आणि ज्या भागातल्या नर्सीच्या नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतल्याची गोष्ट आम्हाला आजीने सांगितली, तिथे वावडं कसलं? पण नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयं, शाळा, बसस्थानकं यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायला सांगितलं, तेही याच देशात आणि चावे मोजूनच. प्रशिक्षित कुत्रा वेगळा आणि आवारातला वेगळा, हे मला कळतं. कॉटवर बसलेल्या त्या सहा वर्षांच्या मुलीला ते कसं कळावं?

म्हणून माझी भूमिका सरळ आहे. सामायिक हॉलच्या आमच्या बालरोग वॉर्डांत आज कुत्रा आणू नये. जिथे स्वतंत्र खोली आहे, मुक्काम लांबचा आहे, मूल स्वतः मागतंय, आणि परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी तपासणी करू शकणारी यंत्रणा सोबत आहे, तिथे अभ्यास म्हणून करून पाहावं, आणि त्यात कुत्र्याविना येणाऱ्या माणसाचा गट ठेवावाच. त्याआधी करायचा एक अभ्यास तर आजच करता येतो. दुपारी तीन ते चार, रोज, नर्सिंगचा एक विद्यार्थी, हातात काहीही न घेता, एका कॉटपाशी पंधरा मिनिटं. त्याच चेहऱ्यांच्या पट्टीने मोजावं. कुत्र्याला ज्याच्याशी झुंजायचं आहे तो आकडा आधी हातात हवा.

आणि मोत्या? मोत्याने त्या मुलाला हसवलं हे मी पाहिलं, पण मी काही मोजलं नव्हतं, तुलनेलाही कुणी नव्हतं, तेव्हा आढाव्यात त्याला जागा नाही. एक मात्र त्याने दाखवलं. घरचा कुत्रा आणि पाहुणा कुत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी नियमांतही त्यांचा विचार वेगवेगळा केला आहे. आमच्या मुलांना आठवण येते ती स्वतःच्या कुत्र्याची, ओढणीसारखी रंगीत पट्टी बांधलेल्या परक्या गोल्डन रिट्रीव्हरची नाही.

पुढच्या आठवड्यात ती नवा आराखडा घेऊन आली. काहीच नसण्यापेक्षा कुत्रा, खेळापेक्षा कुत्रा, काळ गेल्यापेक्षा कुत्रा, माणसापेक्षा कुत्रा. मग रेबीज आणि जंतू, आणि शेवटी सामायिक वॉर्ड. चौथ्या प्रकरणाखाली तिला अजून ठेवायला फारसं काही सापडलेलं नव्हतं, तिथे तिने पानभर जागा कोरी सोडली होती. मी सही केली. सोबत तक्ताही होता. किती मुलं नाही म्हणाली, या रकान्यात काही ओळींत आकडे होते, आणि बाकीच्यांत तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दिलेलं नाही".